व्याज ऐच्छिक, मुद्दल बेमुदत

मे २०२० मध्ये येस बँकेने जानेवारी ते मार्च या तिमाहीचे निकाल जाहीर केले आणि त्यात २,६२९ कोटी रुपयांचा नफा दिसला. त्याच तिमाहीत, ५ मार्चच्या संध्याकाळी, रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले होते. खात्यात कितीही पैसे असोत, खातेदाराला ५० हजारांच्या वर काढता येत नव्हते. त्याच्या आधीच्या तिमाहीचा तोटा होता १८,५६४ कोटी. मग दोन-तीन महिन्यांत एवढा नफा आला कुठून? तो कमावलेला नव्हताच. बँकेने रोखे विकून घेतलेले ८,४१५ कोटी रुपये आता कोणालाही परत द्यायचे नाहीत, असे ठरले होते. कराचा हिशेब वजा जाता त्यातले सुमारे ६,२९७ कोटी नफा-तोटा पत्रकात जमेच्या बाजूला आले. ते वगळले तर तिमाही साडेतीन हजार कोटींहून जास्त तोट्यात होती.

रोखेधारकांचे गेलेले मुद्दल बँकेच्या खात्यात नफा म्हणून उमटले. हिशेबनिसाने यात काही चलाखी केली नव्हती. या रोख्यांची रचनाच तशी आहे. त्यांना बाजारात ‘एटी-१’ किंवा ‘पर्पेच्युअल बाँड’ म्हणतात, आणि येस बँकेच्या काही ग्राहकांना ते ‘सुपर एफडी’ या नावाने माहीत होते.

असे रोखे असतात कशासाठी, हे आधी पाहू. बँक लोकांच्या ठेवी घेऊन कर्जे देते. कर्जे बुडाली तर तोटा ठेवीदारांपर्यंत पोहोचू नये, म्हणून मध्ये बँकेचे स्वतःचे भांडवल असावे लागते. जोखमीनुसार वजन लावून बँकेची कर्जे १०० रुपयांची झाली, तर त्यामागे पहिल्या श्रेणीचे किमान ७ रुपये भांडवल हवे, असा आपल्या रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यांपैकी किमान साडेपाच रुपये भागधारकांचे असावे लागतात. उरलेला दीड रुपया मात्र रोखे विकून उभा करता येतो. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर आलेल्या ‘बेसल-३’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीने ही सोय दिली. बँकांना ती आवडणे साहजिक होते. नवे शेअर काढले की जुन्या मालकांचा वाटा पातळ होतो. रोखे काढले तर होत नाही, आणि वर व्याज खर्चात दाखवता येते.

पण रोख्याला भांडवल म्हणायचे, तर त्याने भांडवलासारखे वागले पाहिजे. म्हणजे बँक चालू असताना, दिवाळे वाजण्याच्या आधीच, त्याने तोटा अंगावर घेतला पाहिजे. त्यासाठी अशा प्रत्येक रोख्याच्या करारात काही अटी घालाव्या लागतात. पहिली अट, रोख्याला मुदत नाही. मुद्दल अमुक तारखेला परत देऊ, असे वचन बँक कधीच देत नाही. किमान पाच वर्षांनंतर बँकेला वाटले आणि रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली, तर ती रोखे परत घेऊ शकते; रोखेधारक मात्र पैसे मागू शकत नाही. दुसरी अट, व्याज देणे बँकेच्या मर्जीवर आहे. एखाद्या वर्षी दिले नाही तर ती थकबाकी ठरत नाही, आणि पुढच्या वर्षी मागचे मिळून देण्याचे बंधनही नाही. एवढेच, की व्याज थांबवले तर भागधारकांनाही लाभांश देता येत नाही.

तिसरी अट खरी धारदार आहे. भागधारकांचे भांडवल करारात ठरलेल्या टक्क्याच्या खाली गेले, किंवा ही बँक आता आपल्या बळावर टिकणार नाही असे रिझर्व्ह बँकेला वाटले, तर रोख्यांचे मुद्दल काही अंशी किंवा पूर्णपणे शून्य करता येते. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली एखाद्या बँकेची पुनर्रचना किंवा विलीनीकरण ठरले, तर ती बँक त्या टोकाला पोहोचली असेच मानले जाते. कारणही नियमांत सांगितले आहे: बाहेरून नवा पैसा येण्याच्या आधी हा तोटा उरकून घ्यावा, म्हणजे जनतेचा पैसा जुन्या रोखेधारकांना सोडवण्यात जाणार नाही.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस आपल्याकडे गावोगाव सापडतो. एटी-१ रोखेधारक हा बँकेला जामीन राहिलेला माणूसच. फरक इतकाच, की जामिनाची पूर्ण रक्कम त्याने आधीच भरून ठेवलेली असते आणि त्याबद्दल त्याला दरसाल दोन-अडीच टक्के जास्त मिळतात.

हा मोबदला पुरेसा आहे का, हे साध्या गुणाकाराने कळते. येस बँकेने डिसेंबर २०१६ मध्ये साडेनऊ टक्क्यांनी ३,००० कोटींचे आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये नऊ टक्क्यांनी ५,४१५ कोटींचे रोखे काढले. एका रोख्याची दर्शनी किंमत १० लाख रुपये. समजा मुदत ठेवीवर तेव्हा सात टक्के मिळत होते. नऊ टक्क्यांचा रोखा घेणाऱ्याला १० लाखांवर वर्षाला २० हजार जास्त मिळणार. मुद्दल बुडाले तर ते या वरच्या व्याजातून भरून यायला ५० वर्षे लागतील. २०१७ च्या ऑक्टोबरात घेतलेला रोखा अडीच वर्षही टिकला नाही. त्या काळात जास्तीचे मिळाले फार तर ५० हजार.

यावर कोणी म्हणेल, की बँक बुडण्याची शक्यता फार थोडी असते, म्हणून दोन टक्के ठीक आहेत. खरी फसगत इथेच होते. साध्या कर्जरोख्यात कंपनी अडचणीत आली तरी काही ना काही वसूल होते: रुपयातले तीस पैसे, चाळीस पैसे, कधी त्याहून जास्त. एटी-१ मध्ये तसे नाही. वर्षानुवर्षे व्याज वेळेवर येते, विवरणपत्रात मुद्दल तसेच दिसते, आणि एके दिवशी सगळे शून्य होते. त्यामुळे मागच्या पाच वर्षांचा नियमितपणा पाहून या रोख्याबद्दल काहीच ठरवता येत नाही. मानांकनाचाही फारसा उपयोग झाला नाही. विक्रीच्या वेळी या रोख्यांना ‘डबल ए’ श्रेणी होती, म्हणजे एरवी डोळे झाकून घ्यावी अशी.

आता हे रोखे सामान्य माणसाच्या हातात आले कसे, ते पाहू. मूळ विक्री म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा मोठ्या संस्थांनाच झाली होती. पुढे बँकेने त्यांच्याकडचे रोखे आपल्या ग्राहकांना विकायला मदत केली. या प्रकरणात सेबीने एप्रिल २०२१ मध्ये दिलेला आदेश वाचण्यासारखा आहे. त्यानुसार १,३४६ व्यक्तींनी सुमारे ६७९ कोटी रुपये या रोख्यांत घातले, आणि त्यांतले १,३११ जण बँकेचे आधीपासूनचे ग्राहक होते. २७७ जणांनी तर असलेली मुदत ठेव मुदतीआधी मोडून सुमारे ८० कोटी रुपये इकडे वळवले. ‘सुपर एफडी’, ‘एफडीसारखेच सुरक्षित’ अशा शब्दांत रोखे विकले गेले, आणि कराराच्या अटींचा कागद अनेकांना दाखवलाच नाही, असा सेबीचा निष्कर्ष होता. बँकेला २५ कोटींचा दंड झाला. बँकेने अपील केल्यावर त्याला स्थगिती मिळाली.

मला या सगळ्या प्रकरणात तो २७७ चा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. ज्याच्या नावावर मुदत ठेव आहे, त्याला जोखीम नकोच असते. म्हणून तर तो ठेव ठेवतो. त्याची ठेव विम्याखाली येते, आणि बँक कोसळू लागली की सरकार आणि रिझर्व्ह बँक आधी त्यालाच वाचवायला धावतात. येस बँकेतही एकाही ठेवीदाराचा पैसा बुडाला नाही. १८ मार्चला निर्बंध उठले आणि सगळे खुले झाले. ठेव मोडून रोखा घेणारा मात्र त्याच शाखेत, त्याच टेबलासमोर बसून, वाचवल्या जाणाऱ्यांच्या रांगेतून उठला आणि ज्यांच्या पैशाने वाचवायचे त्यांच्या रांगेत जाऊन बसला. बहुतेकांना रांग बदलल्याचे कळलेही नसावे.

५ मार्च २०२० नंतरचे दहा दिवस तपशिलाने पाहण्यासारखे आहेत, कारण पुढची सगळी न्यायालयीन लढाई त्या दिवसांतल्या तारखांवर उभी आहे. ५ मार्चला संचालक मंडळ बाजूला करून स्टेट बँकेचे माजी मुख्य वित्त अधिकारी प्रशांत कुमार यांना प्रशासक नेमले. ६ मार्चला रिझर्व्ह बँकेने पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध केला. एटी-१ रोख्यांचे मुद्दल पूर्णपणे आणि कायमचे शून्य होईल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. फंड कंपन्या आणि रोखेधारकांचे विश्वस्त हादरले. १३ मार्चला केंद्र सरकारने अंतिम योजना राजपत्रात प्रसिद्ध केली, आणि त्यात ते कलम नव्हते. रोखेधारकांनी सुटकेचा श्वास घेतला असेल, तर तो एका दिवसापुरता. १४ मार्चला प्रशासकांनी शेअर बाजारांना पत्र पाठवून कळवले, की करारातल्या अटींप्रमाणे ८,४१५ कोटींचे रोखे शून्य केले आहेत.

त्याच दिवशी बँकेने डिसेंबर तिमाहीचे रखडलेले निकाल दिले. भागधारकांचे भांडवल १०० रुपयांच्या कर्जामागे साडेपाच रुपये असायला हवे होते; ते उरले होते ६० पैसे. ठेवी सप्टेंबर २०१९ मधल्या दोन लाख नऊ हजार कोटींवरून मार्चच्या सुरुवातीला एक लाख ३७ हजार कोटींवर आल्या होत्या. आकडे पाहता रोख्यांची अट लागू होण्याची वेळ आली होती, याबद्दल फारसा वाद होऊ शकत नाही.

वाद आहे तो भागधारकांचे काय झाले, याबद्दल. नफा-तोट्याच्या जगात साधा रिवाज असा, की आधी मालक बुडतो, मग धनको. येस बँकेत मालक बुडाला नाही. स्टेट बँकेने ६,०५० कोटी आणि आयसीआयसीआय, एचडीएफसी, अ‍ॅक्सिस, कोटक वगैरेंनी मिळून उरलेले, असे १० हजार कोटी रुपये १० रुपयांना एक शेअर या भावाने आले. जुन्या भागधारकांचा वाटा पातळ झाला. १०० पेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. पण शेअर त्यांच्याकडेच राहिले. ज्याच्यामागे बँकेच्या कारभाराची जबाबदारी नव्हती, मतदानाचा हक्क नव्हता, त्या रोखेधारकाचे शंभर टक्के गेले. पुढे २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेने स्टेट बँक आणि इतरांकडून येस बँकेचा २० टक्के हिस्सा साडेएकवीस रुपये शेअर या भावाने विकत घेतला. १० रुपयांना घेतलेल्याचे पाच वर्षांत दुपटीहून जास्त झाले. बँक सावरली, आणि सावरण्यासाठी ज्यांचे ८,४१५ कोटी वापरले गेले त्यांना त्या सावरण्यात काहीच वाटा नव्हता.

म्हणूनच ‘एटी-१ म्हणजे रोखे आणि शेअर यांच्या मधले काहीतरी’ हे नेहमीचे वर्णन मला पटत नाही. मधले असते, तर जोखीमही मधली असती. शेअर घेणाऱ्याचे नुकसान शंभर टक्के होऊ शकते, तसा त्याचा फायदा कितीही पट होऊ शकतो. एटी-१ वाल्याचा फायदा नऊ टक्क्यांवर थांबतो आणि नुकसान मात्र शेअरवाल्याइतके, प्रसंगी त्याच्याहून जास्त.

रोखेधारकांच्या वतीने अ‍ॅक्सिस ट्रस्टी ही विश्वस्त कंपनी आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २० जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने प्रशासकांचा निर्णय रद्द केला. गाभ्याचा मुद्दा अधिकाराचा होता. १३ मार्चला अंतिम योजना लागू झाली, तिच्यात रोखे शून्य करण्याची तरतूद नव्हती, आणि त्यानंतर असा धोरणात्मक निर्णय घेण्याचा अधिकार प्रशासकांना उरला नव्हता. रोखे शून्य करायचे तर ते पुनर्रचनेच्या आधी व्हायला हवे होते. झाले ते नंतर. बँकेची बाजूही दुबळी नाही: अट करारात लिहिलेली होती, ती लागू झाली, प्रशासकांनी ती फक्त अमलात आणली. न्यायालयाने आपल्याच निकालाला सहा आठवड्यांची स्थगिती दिली, आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुढे चालू ठेवली. यात गुंतवणूकदाराने नीट पाहावे ते हे, की रोखा शून्य करता येतो की नाही, यावर कोणाचे दुमत नाही. भांडण आहे ते कोणी केला आणि कोणत्या तारखेला केला, याचे.

हा प्रकार आपल्याकडचाच, असे नाही. मुंबईच्या निकालानंतर दोनच महिन्यांनी, १९ मार्च २०२३ च्या रविवारी, क्रेडिट स्विस ही १६७ वर्षांची बँक यूबीएसच्या गळ्यात बांधली गेली. भागधारकांना तीन अब्ज स्विस फ्रँकचे शेअर मिळाले, आणि सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-१ रोखे शून्य झाले. दुसऱ्याच दिवशी युरोपीय नियामक आणि बँक ऑफ इंग्लंड यांना घाईघाईने सांगावे लागले, की आमच्याकडे आधी भागधारक बुडतील, मग रोखेधारक. स्पेनमध्ये २०१७ साली बँको पॉप्युलर बुडाली तेव्हा तसेच झाले होते: शेअरही शून्य, एटी-१ ही शून्य, आणि बँक एका युरोला विकली. स्वित्झर्लंडच्या प्रशासकीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रेडिट स्विसचे रोखे शून्य करण्याचा आदेश बेकायदा ठरवला. मुंबईसारखाच तिथेही प्रश्न अधिकाराचा होता, आणि मुंबईसारखेच तिथेही प्रकरण वरच्या न्यायालयात गेले.

आज कोणी आपल्याला दहा लाखांचा असा रोखा विकू शकत नाही. ऑक्टोबर २०२० पासून सेबीने या रोख्यांची किमान रक्कम एक कोटी केली, आणि नवी विक्री फक्त मोठ्या पात्र संस्थांपुरती ठेवली. पण तेवढ्याने सामान्य माणूस यातून बाहेर पडला असे नाही, कारण त्या संस्थांमध्ये म्युच्युअल फंड आहेत. येस बँकेच्या वेळीही अनेक कर्जरोखे योजनांत हे रोखे होते, आणि मार्च २०२० मध्ये त्यांची किंमत शून्य धरल्यावर ज्यांनी येस बँकेचे नावही घेतले नव्हते, त्यांच्या युनिटचा भाव उतरला. फंड दरमहा आपल्या रोख्यांची यादी प्रसिद्ध करतो. त्यात बँकेच्या नावापुढे ‘पर्पेच्युअल’, ‘बेसल-३ टियर १’ किंवा ‘एटी-१’ असे असेल, तर तो रोखा हाच. मार्च २०२१ पासून एटी-१ आणि त्यासारखे रोखे मिळून योजनेच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत, अशी मर्यादा आहे.

त्याच परिपत्रकात सेबीने आणखी एक गोष्ट केली होती, आणि तिचा जो गोंधळ उडाला तो या रोख्यांबद्दल बरेच काही सांगतो. फंड या रोख्यांची किंमत काढताना ते पाच वर्षांनी परत येतील असे गृहीत धरत होते, कारण बँका बहुधा पाच वर्षांनी रोखे परत घेतात. सेबी म्हणाली, करारात तसे वचन नाही. रोखा बेमुदत आहे, तर त्याची मुदत १०० वर्षे धरा. मुदत लांबली, की व्याजदर थोडे हलले तरी रोख्याची किंमत खूप हलते. फंडांना भाव खाली आणावे लागले असते आणि घबराटीने विक्री झाली असती. दोनच दिवसांत केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने सेबीला हा नियम मागे घेण्याची सूचना केली. सरकारी बँकांना भांडवल उभे करायला हेच रोखे लागत होते. सेबीने नियम मागे घेतला नाही, पण टप्प्याटप्प्याने आणला: आधी १० वर्षे, मग २०, मग ३०, आणि एप्रिल २०२३ पासून १००. ऑगस्ट २०२४ मध्ये तोही बदलला. आता पुन्हा रोखा पहिल्या संधीला परत घेतला जाईल असे धरूनच किंमत काढली जाते. करारात मात्र त्या संधीबद्दल अजूनही एवढेच लिहिलेले असते, की बँकेची इच्छा असेल तर.